निवृत्तीनंतरची महागाईसह वाढती उचल: एकाच प्रश्नाची तीन उत्तरे, बरोबर कोणते?

गोदाकाठ

प्रश्न साधा आहे. ६० व्या वर्षी निवृत्ती, पुढची २५ वर्षे पैसे पुरायला हवेत. खर्च वर्षाला ६ लाख, तो दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढणार. पुंजीवर ८ टक्के परतावा. तर निवृत्तीच्या दिवशी हातात किती रक्कम हवी?

तीन पद्धतींनी तीन उत्तरे येत आहेत.

१) ग्रोइंग अ‍ॅन्युइटीचे, म्हणजे दरवर्षी ठरावीक दराने वाढणाऱ्या उचलीचे, पुस्तकातले सूत्र: १ कोटी ११.९९ लाख
२) एक्सेलमध्ये वर्षावर्षाचा तक्ता: १ कोटी २०.९५ लाख
३) वाढ क्षणाक्षणाला होते असे धरणारे कंटिन्युअस कंपाउंडिंगचे सूत्र, दर ०.०८ आणि ०.०६ टाकून: १ कोटी १८.०४ लाख

आकडेमोडीत चूक नाही, तिन्ही दोनदा तपासली आहेत. मग ९ लाखांचा फरक कुठून येतो? आणि प्रत्यक्ष नियोजनाला कोणता आकडा धरायचा?

टिटवी

एवढा खटाटोप कशाला? ८ मधून ६ वजा करा, खरा परतावा २ टक्के. आता महागाई विसरून २ टक्क्यांनी २५ वर्षांच्या सारख्या हप्त्यांचे आजचे मूल्य काढा. वर्षाच्या सुरुवातीला पैसे काढणार असाल तर १ कोटी १९.४८ लाख येते. विषय संपला.

बोरीबंदर

अ‍ॅन्युइटीच घ्यायची असेल तर विमा कंपनीची थेट घ्या की. पैसे एकदा भरले की मरेपर्यंत पेन्शन. सूत्राची गरजच नाही. माझ्या मते तहहयात अधिक मूळ रक्कम वारसाला परत, हा पर्याय बरा. इथे कोणी दर ताडून पाहिले आहेत का?

आकडेमोड

@बोरीबंदर, इथे विम्याच्या योजनेबद्दल विचारलेले नाही. आपल्याच पुंजीतून दरवर्षी वाढती रक्कम काढायची आहे. तरी तुमच्या मुद्द्यातली एक गोष्ट इथे कामाची आहे. विमा कंपन्यांची पेन्शन बहुतेक सपाट असते. काही योजनांत दरवर्षी ३ टक्के वाढीचा पर्याय मिळतो, पण ती वाढ साध्या दराने असते, चक्रवाढीने नाही. २५ व्या वर्षी ती पेन्शन पहिल्या वर्षाच्या १.७२ पट होते. ६ टक्के महागाईने खर्च तोवर ४.०५ पट झालेला असतो, म्हणजे ६ लाखांचे २४.२९ लाख. ही दरी कुठून भरायची हे आधी ठरवायला हवे.

आता मूळ प्रश्न. @गोदाकाठ, तुमचे तिन्ही आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

पुस्तकी सूत्रात पहिली उचल वर्षाच्या शेवटी होते, आणि ती ६ लाखांचीच असते. म्हणजे पहिले वर्षभर तुम्ही पुंजीला हात लावत नाही आणि वर्षाअखेरीस जे ६ लाख काढता ते आजच्या किमतीत ५.६६ लाखच असतात. तुमच्या तक्त्यात पहिले ६ लाख निवृत्तीच्या दिवशीच निघतात. प्रत्येक उचल एक वर्ष अलीकडे आली, म्हणून अख्ख्या उत्तराला १.०८ ने गुणले गेले: १११.९९ × १.०८ = १२०.९५. नऊ लाखांचा फरक एवढ्यातच संपला.

तिसरी शक्यता यांच्या मध्ये आहे. उचल वर्षाच्या शेवटीच, पण ६ लाख हा आजच्या किमतीतला खर्च. मग पहिली उचल ६.३६ लाखांची आणि उत्तर १११.९९ × १.०६ = ११८.७१ लाख.

म्हणून गणिताला हात घालण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहायच्या. पहिली उचल कोणत्या दिवशी, आणि लिहिलेली रक्कम कोणत्या दिवसाच्या किमतीत. निवृत्त माणसाला पहिल्या महिन्यापासून किराणा लागतो, म्हणून १ कोटी १२ लाख हा आकडा नियोजनासाठी बाद. तेवढ्याच पैशात पहिल्या दिवसापासून खर्च सुरू केला तर २२ वर्षे नीट जातात, २३ वे वर्ष मध्येच अडकते आणि पुढची दोन वर्षे हातात काही नसते.

आकडेमोड

@टिटवी, तुमची दिशा बरोबर आहे, वजाबाकी मात्र चुकीची. इथे भागाकार लागतो: १.०८ ÷ १.०६ = १.०१८८६८, म्हणजे खरा परतावा १.८८६८ टक्के. २ आणि १.८९ यांत फरक दिसत नाही, पण पंचवीस वर्षांत तो दीड लाख होतो. तुमचे ११९.४८, भागाकाराने १२०.९५. परतावा महागाईहून जास्त असला की वजाबाकीने उत्तर नेहमी कमी येते, म्हणजे चूक धोक्याच्या बाजूलाच पडते.

भागाकार केला तर लांबलचक तक्त्याची गरज उरत नाही. एक्सेलमध्ये एका ओळीत:

```
=PV(1.08/1.06-1, 25, -600000, 0, 1)
```

शेवटचा 1 म्हणजे उचल वर्षाच्या सुरुवातीला. तो विसरला किंवा 0 राहिला तर एक्सेल मुकाट्याने ११८.७१ लाख देते, चुकीचा इशारा येत नाही. उत्तर तक्त्याशी जुळत नसेल तर आधी ती जागा पाहा.

टिटवी

भागाकाराचे पटले. पण मग कंटिन्युअसमध्ये वजाबाकी कशी काय चालते? तिथे तर सूत्रातच r वजा g, म्हणजे परतावा वजा महागाई, आहे.

शमीवृक्ष

कारण तिथले r आणि g वेगळ्या जातीचे दर आहेत. गोदाकाठ यांचा तिसरा आकडा इथेच घसरला.

८ टक्के वार्षिक म्हणजे १०० चे वर्षाअखेर १०८. हीच वाढ क्षणाक्षणाला होते असे मांडायचे तर दर ८ नव्हे, LN(1.08) म्हणजे ७.६९६१ टक्के धरावा लागतो. महागाईचे तसेच: LN(1.06), ५.८२६९ टक्के. लॉगमध्ये गेल्यावर भागाकाराची वजाबाकी होते, म्हणून तिथे वजाबाकी बिनचूक. फरक १.८६९२ टक्के.

थेट ०.०८ आणि ०.०६ टाकले की तुम्ही नकळत ८.३३ टक्के वार्षिक परतावा आणि ६.१८ टक्के महागाई धरता. दोन्ही वाढतात, पण परतावा जास्त वाढतो, म्हणून लागणारी रक्कम कमी दिसते. बरोबर मांडणी अशी:

```
=600000*(1-EXP(-25*(LN(1.08)-LN(1.06))))/(LN(1.08)-LN(1.06))
```

उत्तर ११९.८३ लाख. आता आकडेमोड यांचे दोन आकडे बाजूला ठेवा. वर्षाअखेरीस उचल ११८.७१, सुरुवातीला १२०.९५, आणि ११९.८३ बरोबर मध्ये. हे योगायोगाने झालेले नाही. वर्षभर थेंबाथेंबाने काढलेली रक्कम सरासरीने वर्षाच्या मध्याला काढल्यासारखी असते. कंटिन्युअसचे उत्तर या दोघांच्या मध्ये पडले नाही तर दर बदलून घ्यायचे राहिले, हे लगेच ओळखता येते. तुमचे ११८.०४ खालच्या आकड्याच्याही खाली गेले, तिथेच ते पकडले गेले.

परतावा आणि महागाई यांच्यातले अंतर वाढले की ही चूक मोठी होते. परतावा १२ टक्के धरा, बाकी सारे तेच. खरे उत्तर ८१.४६ लाख, न बदललेल्या दरांनी ७७.६९. पावणेचार लाख कमी.

कोकणकडा

परीक्षेच्या दृष्टीने एक भर. प्रश्नातच "८ टक्के, कंटिन्युअसली कंपाउंडेड" असे लिहिले असेल तर मात्र ०.०८ थेट टाकायचे, LN घ्यायचा नाही. अ‍ॅक्चुअरीच्या सीएम१ पेपरची तयारी करणारे इथे नेहमी अडखळतात. "फोर्स ऑफ इंटरेस्ट ८ टक्के" म्हटले की थेट, "इफेक्टिव्ह ८ टक्के" म्हटले की लॉग. एकाच प्रश्नात परतावा एका प्रकारचा आणि महागाई दुसऱ्या प्रकारची दिलेली असू शकते. तेव्हा आधी दोन्ही एका जातीत आणायचे, मगच वजाबाकी.

गोदाकाठ

पुस्तकात फक्त "८ टक्के" होते, म्हणून थेट टाकले. आता समजले. पण खर्च ना वर्षातून एकदा होतो, ना क्षणाक्षणाला. दरमहा ५० हजार लागतात. मग महिन्याचे सूत्र वापरायचे की कंटिन्युअस पुरते?

सातारकर_अप्पा

सूत्रांचा एवढा काथ्याकूट का चाललाय कळत नाही. ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाख ठेवले की ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. मी तेच केले आहे. बाकीचे बँकेत. व्याजावर घर चालते, मुद्दल शाबूत. मुद्दल शाबूत असताना पैसे संपतील कसे?

शमीवृक्ष

अप्पा, पैसे संपणार नाहीत हे खरे, पण ते ६१,५०० पाच वर्षांनीही ६१,५०० च राहतील. महागाई ६ टक्के राहिली तर तेव्हा त्यांत आजच्या सुमारे ४६ हजारांचा माल येईल. मुदत वाढवताना दर काय असेल तेही हाती नाही. तुमचे पूर्ण व्याज आज खर्चात जात नसेल आणि उरलेले परत गुंतत असेल, तर ठीक. धाग्यातले सूत्र तेच विचारते: आज किती उरायला हवे, म्हणजे पुढची वाढ त्यातून भरून निघेल.

सातारकर_अप्पा

सगळे व्याज खर्चात जात नाही. पण किती उरायला हवे ते मोजलेले नाही, हे मान्य.

आकडेमोड

@गोदाकाठ, महिन्याच्या खर्चासाठी दोन पायऱ्या करा. आधी एका वर्षाच्या बारा हप्त्यांची त्या वर्षाच्या १ तारखेची किंमत, मग ती रक्कम दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढणारी उचल समजून २५ वर्षांची किंमत.

```
=PV(1.08^(1/12)-1, 12, -50000, 0, 1)
=PV(1.08/1.06-1, 25, -579346, 0, 1)
```

पहिल्या ओळीचे उत्तर ५,७९,३४६. तेच दुसरीत घातले आहे. अंतिम उत्तर ११६.७९ लाख.

महिन्याचा दर 8%/12 घेऊ नका. तसा घेतला तर वर्षाचे ८.३० टक्के होतात, आणि दुसऱ्या ओळीत मात्र ८ च राहतात.

टिटवी

थांबा, हे उलटे वाटते. महिन्याची उचल म्हणजे जवळजवळ सततचीच. मग उत्तर ११९.८३ च्या आसपास हवे. तीन लाखांनी कमी कसे?

शमीवृक्ष

चांगला प्रश्न. पैसे बाराही महिने निघतात, पण रक्कम वाढते वर्षातून एकदाच. डिसेंबरातही तुम्ही जानेवारीचेच ५० हजार काढता. कंटिन्युअस सूत्रात खर्च रोज थोडा थोडा वाढतो, त्यामुळे सरासरीने अर्ध्या वर्षाची महागाई जास्त मोजली जाते. अर्ध्या वर्षाची महागाई म्हणजे सुमारे २.९ टक्के, आणि ११९.८३ ला १.०२९ ने भागले की साधारण ३.४ लाख कमी होतात. महिन्याच्या सुरुवातीलाच पैसे काढल्यामुळे थोडे परत वाढतात आणि ११६.७९ ला पोचतो.

फंडातून एसडब्ल्यूपी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम काढण्याची सोय, लावून वर्षातून एकदा रक्कम वाढवणाऱ्याला ११६.७९ चा नमुना बसतो. बाजारभावाप्रमाणे जो दर महिन्याला जास्त काढणार, त्याला ११९.८३. गोदाकाठ यांचा चुकीचा ११८.०४ या दोघांच्या मध्ये पडतो म्हणून चालून जाईल असे वाटेल, पण तसे समजू नका. १२ टक्क्यांचे उदाहरण वर दिलेच आहे.

कोकणकडा

मग कंटिन्युअसचा उपयोग काय, असे कोणी विचारण्याआधी लिहितो. कागदावर अंदाज पटकन येतो, आणि पैसे किती वर्षे पुरतील हा उलटा प्रश्न एका लॉगने सुटतो. प्रत्यक्ष पैसे काढायच्या तक्त्यासाठी मी ते वापरणार नाही.

आकडेमोड

तक्ता केलाच आहे तर त्यात एक गोष्ट नक्की पाहा, कारण इथे भले भले फसतात. १२०.९५ लाखांपासून सुरू करा. ६ काढले, उरले ११४.९५, वर्षाअखेर झाले १२४.१५. पुढच्या वर्षी ६.३६ काढूनही वर्षाअखेर १२७.२१. खर्च करूनही पुंजी वाढते आहे. हे असेच दहा वर्षे चालते आणि आकडा १४१.८७ लाखांवर पोचतो. तिथून उतार. २० वर्षे झाल्यावर ९२.७ लाख, आणि शेवटच्या वर्षाच्या १ तारखेला बरोबर २४.२९ लाख, म्हणजे त्या वर्षापुरतेच.

सत्तरीला खात्यात १ कोटी ४२ लाख दिसले की वाटते, २० लाख जास्तीचे आहेत, नातवाच्या शिक्षणाला देऊ. पण १४१.८७ ला १.०६^१० म्हणजे १.७९०८ ने भागा. आजच्या किमतीत ते ७९ लाखच आहेत, सुरुवातीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. त्यातून २० लाख दिले तर शेवटची दोन-तीन वर्षे गेली. म्हणून तक्त्यात शिल्लकेशेजारी एक रकाना आजच्या किमतीचा ठेवा. तो पहिल्या वर्षापासून खाली उतरताना दिसतो. तो वर जात असेल तरच जास्तीचे आहे असे म्हणता येईल.

निळावंती

इथे अमेरिकेत चार टक्क्यांचा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी. गोदाकाठ यांचे उत्तर २०.१६ पट येते. मग ते कमी नाही का?

शमीवृक्ष

@निळावंती, तो नियम १९९४ सालच्या बेंगेन यांच्या अभ्यासातून आला. तो अमेरिकी शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावर आणि ३० वर्षांच्या मुदतीवर बेतलेला आहे. आपल्या सूत्रात परतावा दरवर्षी नेमका ८ टक्के आहे, त्यात वरखाली नाही. त्यांनी वाईट काळात निवृत्त झालेल्यांनाही पुरेल असा दर शोधला. दोन पटींची तुलना म्हणून थेट होत नाही.

पण २५ पट या आकड्याला सूत्रात एक नेमकी जागा आहे. परतावा आणि महागाई सारखे असतील तर प्रत्येक वर्षाच्या उचलीची आजची किंमत ६ लाखच राहते. २५ वर्षे म्हणजे २५ पट, १ कोटी ५० लाख. तिथे पुस्तकी सूत्र #DIV/0! दाखवते, कारण खाली r वजा g शून्य होते. सूत्र बिघडलेले नसते, तिथे नुसते गुणायचे असते. वर दिलेल्या PV ला शून्य दर चालतो.

आणि करानंतर ५ टक्केच उरले, महागाई ६ राहिली, तर? सूत्र तेव्हाही चालते, वर आणि खाली दोन्ही ऋण होतात. उत्तर १ कोटी ६८ लाख, म्हणजे २८ पट. मुदतठेवींवर भिस्त असेल तर करानंतरचा दर टाकूनच पाहा.

कोकणकडा

वरखालीचा मुद्दा निघालाच आहे तर: २००८ मध्ये सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून खाली आला होता. निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी असे झाले आणि उचल चालू राहिली, तर पुढे सरासरी ८ टक्के मिळूनही पैसे वेळेआधी संपतात. ग्रोइंग अ‍ॅन्युइटी असो वा कंटिन्युअस, हे त्यांत दिसत नाही. त्यासाठी वर्षवार तक्त्यात पहिल्या दोन वर्षांना ऋण परतावा टाकून पाहावे लागते.

निळावंती

धन्यवाद, २५ पटीचे कोडे सुटले. अजून एक. औषधपाण्याचा खर्च ६ टक्क्यांनी वाढत नाही, बराच जास्त वाढतो. ६ टक्के ही सरासरी धरून चालते का?

आकडेमोड

नाही चालत, आणि का ते आकड्यांत दिसते. ६ लाखांतले ४.८ लाख घरखर्चाचे, ५ टक्के वाढ. १.२ लाख औषधपाण्याचे, १० टक्के वाढ. भारित सरासरी बरोबर ६ टक्के. आता दोन वेगळ्या ग्रोइंग अ‍ॅन्युइटी काढा. घरखर्च ८७.३६ लाख, औषधे ३७.७२ लाख, मिळून १२५.०८. सरासरीने आलेले १२०.९५. चार लाख कमी पडतात, कारण वेगाने वाढणाऱ्या खर्चाचा वाटा दरवर्षी मोठा होतो आणि सरासरीच सरकत जाते. २५ व्या वर्षी १५.४८ अधिक ११.८२, म्हणजे २७.३० लाख लागतील, २४.२९ नव्हे.

लक्ष द्या, औषधांची महागाई परताव्याहून जास्त आहे. तिथे १.२ लाखांच्या ३१ पट रक्कम बाजूला ठेवावी लागते.

टिटवी

२५ वर्षे सलग १० टक्के मला पटत नाही. इतकी वर्षे कोणतीच गोष्ट त्या वेगाने वाढत नसते.

निळावंती

दर वाढला नाही तरी वय वाढते ना. साठीपेक्षा ऐंशीला औषधांच्या गोळ्या जास्तच असतात. १० टक्क्यांत दोन्ही आहे.

गोदाकाठ

दोघांचे मिळून मध्ये काही धरता येईल का? समजा पहिली १२ वर्षे १० टक्के, मग ७. सूत्र दोन तुकड्यांत करायचे ना? माझे औषधांचे उत्तर ३३.०० लाख येते आहे.

आकडेमोड

दोन तुकडेच, पण तुमच्याकडे दुसरा तुकडा एक वर्ष जास्त मागे आणला गेला आहे. पहिल्या १२ उचली झाल्यावर तेरावी उचल १२ वर्षांनी येते, १३ नव्हे, कारण पहिली उचल शून्याव्या दिवशी आहे. त्या दिवशीची रक्कम १.२ × १.१^१२ = ३.७७ लाख. तिथून पुढच्या १३ उचलींची किंमत काढा आणि १.०८^१२ ने भागा.

पहिला तुकडा १५.९६, दुसरा १८.४०, एकूण ३४.३६ लाख. घरखर्चासह १२१.७२. म्हणजे टिटवी आणि निळावंती यांच्या वादाची किंमत आजच्या पैशात ३.३६ लाख आहे.

निळावंती

ते ३.३६ लाख मी ठेवूनच देईन.

टिटवी

मी नाही. त्यापेक्षा आरोग्य विम्याचा हप्ता तिसरी अ‍ॅन्युइटी म्हणून वेगळा मांडेन, आणि औषधांची रक्कम तेवढी कमी करेन. त्या हप्त्याची वाढ किती धरावी, कोणाकडे अनुभव आहे का?